अस्तराचा हिवाळी कुर्ता शिवायला पत्र पाठवताना या चुका टाळा

गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्री शेतावर जाणाऱ्या वडिलांकरिता आम्ही तालुक्याच्या शिंप्याकडे कापड आणि चिठ्ठी एसटीने पाठवली होती. चिठ्ठीत एवढेच होते : “छाती ३८, लांबी ४०, आत अस्तर, खिसे मोठे.” कुर्ता नीट शिवून आला, पण स्वेटरवर चढेना. दोष शिवणाऱ्याचा नव्हता, कारण ३८ हे अंगाचे माप आहे की तयार कपड्याचे, हे आम्ही कळवलेच नव्हते. एरवीच्या कुर्त्याला तो ४ इंच सैल सोडतो, तसेच त्याने सोडले. आत अस्तर आणि स्वेटर असेल तर ६ ते ७ इंच सैल लागते. म्हणून स्वेटर घालूनच माप घ्यावे आणि “तयार कुर्त्याची छाती ४४ इंच भरावी” असे लिहावे.

दुसरी चूक उशिरा कळली. पहिल्या धुण्यात सुती फलालीनचे अस्तर आटले, बाहेरची जाड खादी मात्र तेवढी आटली नाही, त्यामुळे खालचा घेर आत ओढला जाऊन फुगला. तुमच्याही कुर्त्याला असा झोळ आला, तर खालची शिवण उसवून अस्तर मोकळे सोडावे. बहुतेक वेळा तेवढ्याने कापड सरळ पडते. नव्या कुर्त्यासाठी दोन्ही कापडे रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून मगच पाठवावीत, आणि पत्रात अस्तर खाली सुटे व बाहेरच्या कापडापेक्षा १ इंच आखूड ठेवायला सांगावे. बाह्यांना मात्र फलालीन नको, कारण ते स्वेटरच्या लोकरीला धरून राहते व हात आत सरकत नाही. तिथे गुळगुळीत साटीनचे अस्तर मागावे.

खिशांबाबत “मोठे” हा शब्द पुरत नाही. बाजूच्या शिवणीतल्या खिशाचे तोंड आणि बाजूचा काप एकाच शिवणीवर येतात, त्यामुळे तोंड फार खाली गेले तर त्या जागी शिवण उसवते. आमच्या ४० इंच लांबीच्या कुर्त्याला काप १२ इंच, म्हणजे तो खांद्यापासून २८ इंचांवर सुरू होतो. तोंड १९ इंचांवर सुरू करून साडेसहा इंच ठेवले, तर ते साडेपंचवीसवर संपते आणि मध्ये अडीच इंच शिवण उरते. खिशाची पिशवी अस्तराच्या साटीनची कधीही करू देऊ नये, कारण टॉर्च आणि किल्ल्यांच्या भाराने ते फाटते.

यंदाच्या पत्रातला मजकूर असा आहे :

“भाऊ, नमस्कार. सोबत भिजवून वाळवलेली खादी आणि फलालीन आहे. बाह्यांचे साटीन तुमच्याकडचे लावावे. तयार कुर्त्याची छाती ४४, लांबी ४०, बाजूचा काप १२ इंच. अस्तर खाली सुटे आणि खादीपेक्षा १ इंच आखूड ठेवावे. बाजूला दोन खिसे, तोंड खांद्यापासून १९ इंचांवर, रुंदी साडेसहा, पिशवी जाड मांजरपाटाची, तोंडाच्या दोन्ही टोकांना दुहेरी टाका. डाव्या छातीला आतून मोबाईलचा एक खिसा, तो अस्तरावर न लावता खादीला धरून शिवावा. कापण्याआधी शंका वाटल्यास फोन करावा.”