प्रतिज्ञापत्राचा मराठी अनुवाद : कोर्टात अडचणीत आणणाऱ्या चुका

इंग्रजीत केलेलं प्रतिज्ञापत्र जिल्हा किंवा दिवाणी न्यायालयात मराठी अनुवादासह दाखल करायचं असलं, की बहुतेक नवे अनुवादक पहिल्या परिच्छेदापासून टाइप करायला बसतात. मी आधी शेवटचं पान उघडते. तिथे सत्यापन असतं आणि सगळं प्रतिज्ञापत्र त्याच्यावर तोललेलं असतं.

सत्यापनात साधारण असं लिहिलेलं असतं : परिच्छेद १ ते ८ मधील मजकूर माझ्या व्यक्तिगत माहितीप्रमाणे खरा आहे, ९ ते १३ मधील मजकूर मला मिळालेल्या माहितीवरून खरा आहे असे मी समजते, आणि १४ ते १६ हे कायदेशीर सल्ल्यावर आधारलेले आहेत. ही वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १९, नियम ३ मधून येते. प्रतिज्ञाकर्त्याने स्वतःला माहीत असलेल्या गोष्टीच सांगाव्यात, असा तो नियम आहे. अंतरिम अर्जांत समजुतीवरची विधानं चालतात, पण त्या समजुतीला आधार काय, ते सांगावं लागतं. कोणतं विधान कुठल्या वर्गातलं, हे कोर्टाला फक्त परिच्छेद क्रमांकांवरून कळतं. म्हणून क्रमांक हा मजकुराचाच भाग आहे.

हे न कळल्याने काय होतं, ते एका प्रकरणात जवळून पाहिलं. शेतजमिनीच्या वाटपाचा दावा होता. वादीच्या मुलीने परराज्यात इंग्रजीत प्रतिज्ञापत्र केलं होतं, एकूण १६ परिच्छेद, सत्यापन वर दिलं तसंच. अनुवादकाला परिच्छेद ४ आणि ५ एकाच विषयावरचे वाटले, म्हणून त्याने ते एकत्र केले. वाचायला ते खरंच सुबक झालं होतं. पण त्यापुढचा प्रत्येक परिच्छेद एकाने वर सरकला आणि सत्यापनातले आकडे मात्र जुनेच राहिले. मूळ परिच्छेद ९ असा होता : ‘१९८६ साली आजोबांनी तिन्ही मुलांत जमिनीचे तोंडी वाटप केले.’ ही माहिती तिला काकांकडून मिळाली होती आणि मूळ सत्यापनाप्रमाणे तो परिच्छेद ऐकीव माहितीच्या गटात होता. अनुवादात तो ८ वा झाला आणि व्यक्तिगत माहितीच्या गटात जाऊन बसला. मुलीचा जन्म १९९० चा.

समोरच्या वकिलांकडे मराठी प्रत होती. त्यांनी उलटतपासणीत शांतपणे विचारलं, ‘तुमच्या जन्माआधी चार वर्षं झालेलं वाटप तुम्ही स्वतःच्या माहितीवरून कसं सांगता?’ ती गोंधळली. तिने तसं कधी म्हटलंच नव्हतं. तिच्या वकिलांनी मूळ इंग्रजी प्रत दाखवली, ती रेकॉर्डवर होतीच. मग दुरुस्त अनुवादासाठी अर्ज, त्यावर समोरच्यांचं म्हणणं, पुढची तारीख. निस्तरलं सगळं, पण खरं बोलणाऱ्या बाईला भर कोर्टात खोटं ठरल्यासारखं उभं राहावं लागलं, याचा राग मला अजून येतो. मूळात सत्यापन १६ पर्यंत होतं आणि अनुवादात परिच्छेद १५ च होते. कुणी शेवटचा आकडा जरी पडताळला असता, तरी चूक दाखल करण्याआधीच सापडली असती.

ही चूक प्रत्येक वेळी कुणी मुद्दाम परिच्छेद जोडल्यानेच होते असं नाही. बऱ्याचदा वर्ड फाइलमधली आपोआप पडणारी क्रमांकयादी ती करते. उपपरिच्छेद मुख्य क्रमांकात घुसतो, किंवा मध्ये उद्धृत केलेल्या पत्राच्या ओळीला नवा आकडा पडतो. म्हणून मी ती सोय बंद करते. कोऱ्या फाइलमध्ये आधी मूळातले सगळे क्रमांक आणि उपक्रमांक हाताने टाइप करते आणि मगच एकेकासमोर मजकूर भरते. मूळात क्रमांक ११ दोनदा पडला असेल, तर माझ्याकडेही दोनदाच येतो. काम झाल्यावर दुसऱ्या कुणाच्या हातात मूळ प्रत देते आणि फक्त आकडे मोठ्याने वाचते : परिच्छेद, तारखा, गट नंबर, रकमा, आणि ‘वर परिच्छेद ६ मध्ये नमूद केल्याप्रमाणे’ असे आतले संदर्भ. याला वेळ नाही असं म्हणणाऱ्यांनी न्यायालयीन अनुवाद हाती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक निशाणीची. आपल्या न्यायालयांत निशाणी म्हणजे कोर्टाने त्या प्रकरणातल्या कागदाला दिलेला क्रमांक. दावा निशाणी १ असतो, आणि तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला तर वकील सर्रास ‘निशाणी ५’ च म्हणतात. प्रतिज्ञापत्राला जोडलेला ‘एक्झिबिट सी’ वेगळा. ते अक्षर प्रतिज्ञापत्र करतानाच त्या कागदावर घातलेलं असतं, कोर्टाचा त्याच्याशी संबंध नाही. अनुवादक त्याचं ‘निशाणी क’ करतात. एकाने तर सी हे तिसरं अक्षर म्हणून ‘निशाणी ३’ केलेलं मी पाहिलं आहे. निशाणी ३ वर त्या फाइलमध्ये भलताच कागद होता. शिवाय उपपरिच्छेदही (अ), (ब), (क) असे लिहिले, की ‘क’ म्हणजे कागद की उपपरिच्छेद, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

मी जोडलेल्या कागदाला ‘एक्झिबिट सी’ असंच लिहिते, कारण न्यायाधीश पान उलटतील तेव्हा त्या कागदावर तेच अक्षर दिसणार आहे. कोर्टाचा क्रमांक असेल तिथेच ‘निशाणी २७’ लिहिते. आणि ‘एक्झिबिट डी कॉली’ मधला कॉली गाळू नका. त्या एका अक्षराखाली अनेक कागद एकत्र आहेत, असं तो सांगतो. ‘एक्झिबिट डी (एकत्रित)’ लिहिलं नाही, तर पाच पावत्यांची एक पावती होते.

शपथेच्या शब्दांबद्दल. मूळात गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा असेल, तर ‘सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की’ एवढंच लिहा. ‘ईश्वराला साक्षी ठेवून’ हे भारदस्त वाटतं म्हणून जोडू नका. शपथ अधिनियम, १९६९ प्रमाणे देवाच्या नावाने शपथ घ्यायची की प्रतिज्ञा करायची, हे माणूस स्वतः निवडतो. शपथेतल्या अनियमिततेने कार्यवाही रद्द होत नाही, असं त्याच कायद्यात आहे हे खरं, पण म्हणून दुसऱ्याची निवड बदलण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. ‘मजकूर मला मराठीत समजावून सांगितला’ हे वाक्यही मूळात नसेल, तर सवयीने घालू नका.

सहीच्या जागी ‘(सही)’ लिहा, शिक्क्याच्या जागी ‘(नोटरीचा गोल शिक्का)’. खाडाखोड असेल तर तीही कंसात नोंदवा. मूळात गट नंबर चुकलेला वाटला, तरी दुरुस्त करू नका. तसाच लिहा, पुढे ‘मूळ प्रतीप्रमाणे’ म्हणा आणि वकिलांना वेगळं कळवा.

अनुवादकाचा दाखला वेगळ्या पानावर, स्वतःच्या तारखेसह द्या. ती तारीख नोटरीच्या मजकुरात जाता कामा नये. आणि पक्षकार म्हणाला, ‘मॅडम, मराठी प्रतीवरही सहीच करून टाकतो’, तर त्याला थांबवून वकिलांकडे पाठवा. अनुवादाच्या प्रतीला त्याच्या सहीची गरज नसते. मराठी मजकूरच त्याचं प्रतिज्ञापत्र म्हणून द्यायचा असेल, तर ते नवं प्रतिज्ञापत्र झालं. ते अधिकाऱ्यासमोर, त्या दिवसाच्या तारखेने, पुन्हा करावं लागतं.