पाणंदीत मुरूम टाकताना टिपरचा हिशोब कसा करावा

संकेश्वर, निपाणी, चिक्कोडीकडच्या काळ्या रानात पाणंद करायची म्हटलं की पहिला प्रश्न असतो, "किती टिपर लागतील?" उत्तर बहुतेक वेळा अंदाजानं दिलं जातं आणि काम संपल्यावर आठ इंचांचा थर पाच इंचांचा निघतो. आमच्या रानात असंच झालं होतं. तेव्हा मी टेप घेऊन बसलो आणि चूक कुठं होते ते एकदा नीट मांडून पाहिलं. तोच हिशोब इथं देतो.

आमची पाणंद ४५० फूट लांब. वर १० फूट रुंदी हवी होती आणि उसाच्या ट्रॉल्या जाणार म्हणून दबलेला थर ८ इंच हवा होता. ८ इंच म्हणजे ०.६७ फूट. ४५० × १० × ०.६७ म्हणजे जवळजवळ ३००० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे ३० ब्रास. इथपर्यंत सगळेच बरोबर येतात.

आता कडा. मुरूम भिंतीसारखा उभा राहत नाही, दोन्ही बाजूंना उतरतो. ८ इंच उंचीला तेवढाच उतार धरला तर दोन्ही कडांत मिळून २ ब्रास जातात. झाले ३२ ब्रास. पण हा दबलेला मुरूम झाला. टिपरमध्ये येतो तो मोकळा, आणि रोलर फिरल्यावर तो साधारण पाव हिस्सा बसतो.

इथंच मोठी चूक होते. पाव बसतो म्हणून लोक ३२ मध्ये पाव मिळवून ४० ब्रास सांगतात. पण ४० ब्रास मोकळा मुरूम दबला की ३० उरतो, ३२ नाही. मोकळ्या चार इंचांचे तीन इंच होतात, म्हणून दबलेल्या मापाला ०.७५ नं भागायचं. ३२ भागिले ०.७५ म्हणजे सुमारे ४३ ब्रास. हा तीन ब्रासचा फरक म्हणजे एक टिपर भरून वर थोडा मुरूम.

पुढची पायरी हौदा मोजण्याची. गाडीवाला "तीन ब्रास" म्हणाला तरी पहिली गाडी रिकामी असताना आतून टेप लावा. भिडेखातर सोडू नका. आमच्याकडे आलेल्या टिपरचा हौदा आतून १२ फूट लांब, ७ फूट रुंद आणि ३ फूट खोल होता. गुणाकार २५२ घनफूट, म्हणजे अडीच ब्रास. वर शीग असते हे खरं, पण ती प्रत्येक गाडीला सारखी नसते. त्यामुळं माल फळ्यांच्या कडेला समतल धरून मोजायचा आणि दरही त्याच मापावर आधी ठरवायचा. ४३ ब्रासला अडीचनं भागलं की १७ गाड्या होतात. आम्ही १८ सांगितल्या.

पहिल्या खेपेला मी ३० ब्रास धरले होते आणि गाडी तीन ब्रासची मानून दहा टिपर सांगितले होते. खरा माल आला २५ ब्रास, तो दबून १९ राहिला. रस्त्यावर त्याचे पाच इंचही भरले नाहीत आणि पहिल्याच पावसाळ्यात चाकोऱ्या काळ्या मातीपर्यंत उतरल्या.

माल टनावर मिळत असेल तर मापलेली एक गाडी वजनकाट्यावर घाला. मोकळ्या मुरमाचा ब्रास साधारण साडेचार टन भरतो. पण पावसात भिजलेल्या मालात आपण पाण्याचेही पैसे देतो, म्हणून कोरड्या दिवसात वजन केलेलं बरं. गाडीबरोबर खनिज वाहतुकीचा परवाना आहे का तेही बघा, विशेषतः माल चंदगड-गडहिंग्लजकडून हद्द ओलांडून येत असेल तर.

माल येण्याआधी तळ तयार हवा. काळ्या मातीवर थेट मुरूम ओतला तर खालचा थर चिखलात जिरतो आणि कुठलाच हिशोब टिकत नाही. नांगरटीची वरची भुसभुशीत माती ब्लेडनं काढा आणि खालच्या घट्ट तळावर रोलर फिरवा. टाचेनं जोर दिल्यावर खळगा पडत असेल तर अजून वाळू द्या. आमच्याकडे जानेवारी ते एप्रिल हा काळ त्यासाठी बरा. खानापूरकडच्या तांबड्या, कठीण जमिनीवर एवढी जाडी लागत नाही, तिथं पाणी बाजूला काढणं जास्त महत्त्वाचं.

आठ इंच एकदम दाबू नका. वरून घट्ट दिसतं, आत पोकळ राहतं. दोन थर करा, प्रत्येकी मोकळा साडेपाच इंचांच्या आतबाहेर. मग एक टिपर सुमारे ५० फुटांना पुरतो. दर ५० फुटांवर खुंटी ठोका आणि दोन खुंट्यांच्या मध्ये एकच गाडी रिकामी करायला सांगा. नाहीतर सुरुवातीला डोंगर होतो आणि शेवटच्या शंभर फुटांना माल उरत नाही.

पाव बसण्याचा आकडाही आपल्या मालावर तपासून घ्या. रेताड मुरूम कमी बसतो, मातकट जास्त. पहिली गाडी पसरली की दोन्ही कडांच्या खुंट्यांना आडवी दोरी ताणा. तळ, मोकळा थर आणि दबलेला थर, तिन्ही वेळा दोरीपासून खाली चार-पाच जागी मोजा. सळई खुपसून मोजलेलं फसवं असतं, ती तळातही घुसते. साडेपाचाचे चार इंच झाले तर उरलेल्या गाड्यांचा हिशोब तसाच ठेवा. साडेतीनच झाले तर लगेच दोन-तीन गाड्या वाढवा.

पाणी किती मारायचं ते मूठ सांगते. मुरूम मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, तळहात ओला होऊ नये आणि गोळा खाली टाकला की दोन-तीन तुकडे व्हावेत. भुगा झाला तर टँकर फिरवा. रोलरपुढं माल लाटेसारखा सरकू लागला तर पाणी जास्त झालं, उन्हं लागू द्या. आठ-दहा टनांचा रोलर कडेकडून मध्याकडे, आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत, सहा ते आठ वेळा फिरवा. चाकाचा ठसा उमटेनासा झाला की थर बसला. भरलेली ट्रॉली फिरवून काम भागत नाही, तिच्यानं फक्त चाकोरी दबते. वरचा थर मध्ये तीन इंच उंच, कासवाच्या पाठीसारखा ठेवा. त्यासाठी कडेचा माल मध्ये ओढावा लागतो, म्हणून ब्लेडवाल्याला आधीच सांगा.

घरापुढची ४० फूट लांब, १२ फूट रुंद वाट ४ इंच करायची असेल तर हिशोब तोच: १६० घनफूट दबलेला, ०.७५ नं भागून २१३ घनफूट मोकळा. अडीच ब्रासचा एक टिपर पुरून उरतो.

अठरावी गाडी आम्ही पसरली नाही. बांधाच्या कडेला ढीग करून ठेवली. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर जिथं पाणी साचलं तिथले खड्डे त्याच मालानं भरले. त्या ढिगातले दोन ट्रॉल्या मुरूम अजून शिल्लक आहे.