वस्तू तशीच ठेवून फक्त मागचं दृश्य बदलायचंय?

टेबलावरच्या बाटलीचा फोटो आहे आणि भोवतालची खोली बदलायची आहे, असं धरू. स्टेबल डिफ्यूजन या चित्रं बनवणाऱ्या एआय मॉडेलच्या वेब यूआयमध्ये बाटलीवर मास्क रंगवा आणि `Inpaint not masked` निवडा, म्हणजे मास्कबाहेरचाच भाग नव्याने रंगेल. बाटलीखालची सावलीही मास्कमध्ये घ्या. ती सुटली तर बाटली हवेत तरंगल्यासारखी दिसते.

खरी कसरत `Denoising strength`ची, म्हणजे मूळ चित्र किती बदलू द्यायचं ते ठरवणाऱ्या आकड्याची. 0.4 च्या आसपास रंग आणि पोत बदलतात, पण टेबलाची कड, भिंतीचा कोपरा बहुधा जागेवर राहतात. 0.8 च्या पुढे गेलात की टेबलाची कड सरकते आणि कधीकधी बाटलीच्या कडेतून आणखी एक मान फुटते. म्हणून मी 0.5 पासून सुरुवात करून थोडं थोडं वाढवत जाते. दृश्य पूर्ण बदलायचं असेल तर आकडा चढवावाच लागतो. तेव्हा सोबत कंट्रोलनेट या जोड-साधनाचं डेप्थ मॉडेल लावा, ते फोटोतलं जवळ-लांबचं अंतर ओळखून टेबल-भिंतीची मांडणी धरून ठेवतं.

बाटलीभोवती जुन्या पार्श्वभूमीची पुसट किनार दिसली, तर मास्क कडेपासून एक-दोन पिक्सेल आत घ्या. `Mask blur` वाढवून ती किनार जात नाही, उलट बाटलीची कडच मऊ पडते.