प्रॉब्लेमच्या प्रश्नाची तयारी: आयरॅकमधलं अ‍ॅप्लिकेशन गाळू नका

पेन, हॉलतिकीट, ओळखपत्र आदल्या रात्रीच पिशवीत ठेवा, पहिली एसटी धरायची असेल तर नक्कीच. त्यावर जास्त लिहीत नाही. मला लिहायचं आहे ते कायद्याच्या पेपरातल्या प्रॉब्लेमच्या प्रश्नाबद्दल, म्हणजे घटना देऊन निकाल विचारणाऱ्या प्रश्नाबद्दल. करार कायद्याच्या पेपरात मी मुद्दा लिहिला, पाठ केलेलं कलम उतरवलं आणि थेट निष्कर्षावर गेलो. निष्कर्ष बरोबर होता, तरी मार्क निम्मेही पडले नाहीत. मधलं अ‍ॅप्लिकेशनच नव्हतं.

आयरॅक म्हणजे इश्यू, रूल, अ‍ॅप्लिकेशन, कन्क्लुजन. वाद कशाचा आहे, त्याला कोणता नियम लागतो, तो नियम या घटनेला कसा बसतो, आणि मग निकाल. चारही शब्द सगळ्यांना पाठ असतात. तिसरा लिहिला जात नाही, म्हणून बाकी तिन्हींपेक्षा त्याचीच तयारी जास्त करा.

सरावासाठी आपल्याकडचाच प्रश्न घेऊ. वरुडकडचा एक संत्रा पिकवणारा शेतकरी सोमवारी व्यापाऱ्याला मेसेज करतो: "आंबिया बहाराचा बगीचा ४ लाखांना देतो, शुक्रवारपर्यंत सांगा." बुधवारी व्यापारी कळवतो: "३ लाख ६० हजारांना घेतो." शेतकरी उत्तर देत नाही. गुरुवारी तो बगीचा दुसऱ्याला विकतो, पण पहिल्या व्यापाऱ्याला काही सांगत नाही. शुक्रवारी सकाळी व्यापाऱ्याचा मेसेज येतो: "४ लाख मंजूर." बयाना दिलेला नाही. करार झाला का?

आधी शेवटचं वाक्य वाचा, मग वरचा मजकूर. काय विचारलंय ते माहीत असलं की कामाचे तपशील आपोआप दिसतात. वार, रकमा आणि मेसेजमधले नेमके शब्द यांच्याखाली रेघ ओढा. ही रेघ पुढे अ‍ॅप्लिकेशनला लागते, म्हणून कंटाळा करू नका.

मुद्दा एका वाक्यात आणि प्रश्नार्थी लिहा. "करार झाला का" एवढंच लिहिलं तर तो परीक्षकाचाच प्रश्न परत लिहिल्यासारखं होतं. असं लिहा: बुधवारच्या मेसेजने मूळ प्रस्ताव संपला का, की शुक्रवारी स्वीकारायला तो अजून शिल्लक होता? घटनेतली अडचण मुद्द्यात दिसली पाहिजे.

नियम थोडक्यात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७ प्रमाणे स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त लागते. अटी बदलून दिलेलं उत्तर म्हणजे स्वीकृती नव्हे, तो प्रतिप्रस्ताव. त्याने मूळ प्रस्ताव नाकारला जातो, हे १८४० च्या हाइड विरुद्ध रेंच या इंग्लिश खटल्यात ठरलं. तिथे १००० पौंडांच्या शेतीला आधी ९५० देऊ केले होते आणि नंतर १००० कबूल केले, तरी करार झाला नाही. सोबत कलम ५ आणि ६ हवीत: स्वीकृती पूर्ण होईपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो, पण तसं समोरच्याला कळवावं लागतं. बस. करार कायद्याचा इतिहास लिहू नका. आपल्याला तोच पाठ असतो आणि त्यातच वेळ जातो.

आता अ‍ॅप्लिकेशन. इथे थांबा. नियम लिहून झाला की हात आपोआप "म्हणून करार झाला नाही" असं लिहायला जातो. तो हात अडवायचा. लिहायचं ते असं:

"शेतकऱ्याने ४ लाख ही किंमत ठरवली होती. बुधवारी व्यापाऱ्याने 'घेतो' म्हटलं, पण ३ लाख ६० हजारांना. किंमत हीच या सौद्याची मुख्य अट असल्याने ही बिनशर्त स्वीकृती नाही. 'घेतो' या शब्दात चौकशी नसून नवा प्रस्ताव आहे, त्यामुळे ४ लाखांचा प्रस्ताव बुधवारीच संपला. शुक्रवारचा 'मंजूर' हा मेसेज दिलेल्या मुदतीत आला, तरी मंजूर करायला प्रस्तावच उरला नव्हता. तो व्यापाऱ्याचा नवा प्रस्ताव ठरतो आणि शेतकऱ्याने तो स्वीकारलेला नाही."

यात बहुतेक वाक्यांत प्रश्नातला एखादा वार, रक्कम किंवा शब्द आहे. हीच खूण. तुमचा अ‍ॅप्लिकेशनचा परिच्छेद उचलून दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात जसाच्या तसा चिकटवता येत असेल, तर तुम्ही नियमच दुसऱ्यांदा लिहिलाय. "वरील नियम या घटनेला लागू होतो" हे वाक्य अ‍ॅप्लिकेशन नाही. नाहीच. का लागू होतो, कोणत्या शब्दामुळे होतो, ते लिहा.

घरी एक सराव जरूर करा: प्रश्नातली एकच गोष्ट बदला आणि अ‍ॅप्लिकेशन पुन्हा लिहा. समजा बुधवारी व्यापाऱ्याने विचारलं, "अर्धे पैसे दिवाळीनंतर दिले तर चालेल का?" आता किंमत नाकारलेली नाही, फक्त चौकशी आहे. अशा चौकशीने प्रस्ताव संपत नाही, हे स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन (१८८०) मध्ये सांगितलंय. म्हणजे शुक्रवारपर्यंत प्रस्ताव जिवंत आहे. गुरुवारच्या विक्रीने तो मागे घेतला गेला का? नाही, कारण शेतकऱ्याने व्यापाऱ्याला कळवलंच नाही आणि कलम ६ ला ते कळवणं हवं. मग शुक्रवारी करार झाला आणि शेतकऱ्यावर कलम ७३ प्रमाणे नुकसानभरपाईची जबाबदारी येते. कलमं तीच राहिली, एका मेसेजने निकाल उलटला. नुसती कलमं उतरवणाऱ्याचं उत्तर दोन्ही वेळा सारखंच राहिलं असतं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही अ‍ॅप्लिकेशनमध्येच येतं. पहिल्या प्रश्नात व्यापारी म्हणेल, शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती, ती पाळायला हवी. त्याला उत्तर: त्या मुदतीसाठी व्यापाऱ्याने वेगळा मोबदला दिलेला नव्हता, म्हणून ती शेतकऱ्यावर बंधनकारक नव्हती. आणि मुख्य म्हणजे व्यापाऱ्याने स्वतःच बुधवारी प्रस्ताव नाकारला. दोन वाक्यं पुरतात, पण ती हवीतच.

बयान्याचं काय? गावात बयान्याशिवाय सौदा पक्का धरत नाहीत, म्हणून अनेकजण तेवढ्यावरच "करार नाही" लिहून मोकळे होतात. कायद्याला बयाना लागतोच असं नाही, एकमेकांना दिलेली वचनंही मोबदला होतात. एका ओळीत निकाली काढा.

निष्कर्ष एक ओळ: करार झाला नाही, व्यापाऱ्याला भरपाई मागता येणार नाही. नवं कलम इथे आणू नका.

मुद्दे दोन असतील तर प्रत्येकाचं आयरॅक वेगळं. वेळेचं म्हणाल तर अर्धा वेळ अ‍ॅप्लिकेशनला. घड्याळ पुढे गेलं तर खटल्याची हकीकत गाळा, कलमाचा नुसता आकडा लिहा, पण "४ लाख", "घेतो", "बुधवार" हे शब्द उत्तरात आलेच पाहिजेत.