फ्रीजच्या दुकानात जायच्या आधी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माझी धाकटी बहीण सोलापूरच्या नव्या पेठेतल्या एका दुकानातून चिठ्ठी घेऊन आली. "दादा, शून्य टक्के व्याज आहे. आज सहा हजार भरले की संध्याकाळी फ्रीज घरी." चिठ्ठीवर निळ्या पेनानं लिहिलं होतं: ३०,०००, त्याखाली १०/२, हप्ता ३,०००, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात फाईल चार्ज ५०० अधिक जीएसटी. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन, आणि तिच्या जुन्या फ्रीजमधलं दूध दुपारपर्यंत फाटत होतं. घाई समजण्यासारखी होती. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, त्यामुळे असली चिठ्ठी हातात आली की कॅल्क्युलेटर आपोआप बाहेर येतो. तेव्हा तिच्यासाठी जी तयारी केली, तीच इथं क्रमानं लिहितोय. फ्रीजच्या जागी मोबाईल किंवा वॉशिंग मशीन ठेवलं तरी चालेल.

सगळ्यात आधी दुकानात एकच प्रश्न विचारून यायचं, आणि तो हप्त्याचा विषय निघायच्या आधी: "रोख किंवा यूपीआयनं पूर्ण पैसे दिले तर शेवटचा भाव काय?" हप्त्याचं बोलणं एकदा सुरू झालं की हा भाव कुणी सांगत नाही. बहिणीला दुसऱ्या दिवशी परत पाठवलं. त्याच दुकानात, तोच फ्रीज, २८,५००. म्हणजे १,५०० रुपयांचा फरक निव्वळ प्रश्न विचारल्यानं कळला. हा फरक येतो कुठून? फायनान्स कंपनी दुकानदाराला पूर्ण ३०,००० देत नाही. तिचं व्याज ती आधीच कापून घेते, आणि तो भार कधी दुकानदार उचलतो, कधी फ्रीज बनवणारी कंपनी. जी सूट रोखीवाल्याला मिळाली असती, ती तिकडं व्याज म्हणून जाते. रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते दुसऱ्या नावानं वसूल होतं. पाटी मात्र अजून लागते.

भाव कळला की चिठ्ठीचा अर्थ लावायचा. १०/२ म्हणजे एकूण दहा हप्ते, त्यातले दोन आजच. म्हणजे बहीण दुकानात ६,००० भरणार, वर फाईल चार्ज जीएसटीसकट ५९०. आज हातातून गेले ६,५९०. रोख भाव २८,५०० होता, म्हणजे कंपनीनं तिला खरंखुरं उधार दिलं ते २१,९१० रुपये, तीस हजार नव्हे. त्याबदल्यात ती आठ महिने तीन-तीन हजार, म्हणजे २४,००० फेडणार. वरचे २,०९० रुपये हा या उधारीचा खरा खर्च.

बहीण म्हणाली, "एकवीस हजारावर दोन हजार म्हणजे साडेनऊ टक्केच की." इथंच सगळे फसतात. एकवीस-बावीस हजार तिच्याकडं वर्षभर राहणारच नाहीत. पहिल्या महिन्यात जवळपास बावीस हजारांचं कर्ज, शेवटच्या महिन्यात फक्त तीन हजारांचं. सरासरी काढली तर साडेबारा हजारांच्या आसपास, आणि तेही आठच महिने. साडेबारा हजारांवर आठ महिन्यांत २,०९० म्हणजे जवळपास सतरा टक्के. तेच बारा महिन्यांवर नेलं की पंचवीस टक्के. हा ढोबळ हिशेब आहे, पण मी नंतर नीट चक्रवाढीच्या सूत्रानं काढून पाहिला तरी आकडा पंचवीसच्या अलीकडं-पलीकडंच राहिला. आगाऊ हप्ते जितके जास्त, तितकी ही टक्केवारी वर जाते, कारण उधारी कमी होते पण चार्ज तोच राहतो.

तुमच्याकडं कॅल्क्युलेटर नसेल तर सही करायच्या आधी कंपनीकडून 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना ते देणं बंधनकारक आहे. त्यात 'एपीआर' नावाची ओळ असते, फाईल चार्जसकट वर्षाचा दर दाखवणारी. फक्त एक लक्षात ठेवा: रोखीची बुडालेली सूट त्या ओळीत धरलेली नसते. ती आपली आपणच हिशेबात धरायची. त्याच कागदावर विमा किंवा वाढीव वॉरंटी घुसवली आहे का तेही बघा. आमच्या चिठ्ठीत नव्हती, पण शेजारच्यांच्या टीव्हीच्या कर्जात निघाली.

मोबाईल क्रेडिट कार्डावर घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. तिथं बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढीच सूट आधी देतो, म्हणून बेरीज शून्य दिसते. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो दर महिन्याच्या बिलात तुमच्याकडूनच जातो. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी वेगळा.

आता दुसरी बाजू. बहिणीला म्हटलं, हेच पैसे तू स्वतःकडं भरलेस तर? बँकेत दहा महिन्यांचं आवर्ती खातं, आरडी. दर सहा टक्के धरला तर महिना २,७८० भरून दहा महिन्यांनी २७,८०० मुद्दल आणि साधारण ७६५ व्याज, मिळून साडेअठ्ठावीस हजारांच्या थोडं वर. रोख फ्रीज आला. हप्त्यानं तिच्या खिशातून एकूण ३०,५९० गेले असते, आरडीनं २७,८००. फरक २,७९० रुपयांचा. हप्ता तीन हजार झेपत असेल तर २,७८० नक्कीच झेपतात.

यादीतला पुढचा मुद्दा मात्र लोक सोडून देतात, आणि त्याच्याशिवाय वरचा हिशेब कागदावरच राहतो: जुनी वस्तू तेवढे महिने तग धरेल का? यासाठी मेकॅनिकला बोलावलं. त्यानं दाराच्या फटीत कागदाचा कपटा धरून दार लावलं आणि कपटा ओढला. तो अलगद निघाला. म्हणजे दाराचं रबर गेलं होतं, थंड हवा बाहेर पडत होती, म्हणून कॉम्प्रेसर थांबतच नव्हता. रबर बदलून मजुरीसकट १,२०० रुपये. तेवढे वजा केले तरी थांबण्यात १,५९० उरतात. तोच मेकॅनिक "कॉम्प्रेसर गेलाय" म्हणाला असता आणि सहा-सात हजार सांगितले असते, तर मी तिला थांब म्हटलं नसतं. घरात इन्सुलिन असेल आणि फ्रीज बंद पडला असेल तर सोलापूरच्या मे महिन्यात दहा महिने थांबायचा सल्ला देणं वेडेपणाच. तिथं २,०९० रुपये ही गरजेची किंमत आहे, द्यावी. फक्त किती देतोय ते माहीत असावं.

पैसे भरायची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवशीची ठेवा. ही गोष्ट मी स्वतः पैसे घालवून शिकलो. माझ्या मोबाईलचा हप्ता दोन तारखेला कापला जायचा आणि पगार सात तारखेला व्हायचा. पहिले दोन महिने हप्ता परत गेला. दर वेळी बँकेनं २९५ कापले आणि फायनान्स कंपनीनं ५०० वेगळे. दोन महिन्यांत १,५९० रुपये गेले, आणि क्रेडिट रिपोर्टवर डाग पडला तो निराळाच. आरडीचा हप्ता चुकला तर फार तर थोडा दंड लागतो. हप्ता आणि आरडी यांच्यातला हा फरक टक्केवारीत दिसत नाही.

आमच्याकडं पूर्व भागात यंत्रमागावर काम करणाऱ्यांना आठवड्याला पगार मिळतो. त्यांना महिन्याचे २,७८० एकदम काढणं जड जातं. त्यांनी आठवड्याला ६५० बाजूला टाकले तर त्रेचाळीस आठवड्यांत, म्हणजे दहा महिन्यांतच, २७,९५० होतात. व्याज धरलं नाही तरी रोख भावाच्या साडेपाचशेच कमी. पिग्मी एजंट दारात येतो म्हणून पिग्मी सोयीची, पण मुदतीआधी मोडली की व्याज जातं, वर कापणीही होते. ते आधी विचारून घ्या. आणि पैसे बँकेत आहेत की पतसंस्थेत, हे पासबुकावर नीट वाचा. सहकारी बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. भिशीबद्दल मला विचारलंत तर नको. नंबर कधी लागेल त्यावर फ्रीज ठरतो, आणि ज्यांचा आधी लागतो ते पुढं भरतील की नाही यावर आपले पैसे.

रक्कम ठरवताना फक्त फ्रीजचा भाव धरू नका. स्टॅंड, स्टॅबिलायझर, तिसऱ्या मजल्यावर चढवायची हमाली, हे वेगळं विचारा आणि दहाने भागून महिन्याच्या रकमेत टाका. नाहीतर पैसे जमतात आणि शेवटचे दोन हजार परत उसने. भाव मधे वाढूही शकतो. तसं झालं तर आम्ही एक महिना जास्त भरायचं ठरवलं होतं, त्यापेक्षा जास्त डोकं लावलं नाही.

मेमध्ये आरडी सुरू केली म्हणजे फेब्रुवारीत दहावा हप्ता आणि मार्चच्या सुरुवातीला पैसे हातात, ऊन तापायच्या बेतात. मधे दिवाळी आली. सहा हप्ते भरून झाले होते, खात्यात साडेसोळा हजारांच्या वर. दुकानाबाहेर मोठा फ्लेक्स लागला आणि बहिणीचा फोन आला, "मोडू का?" मी तिला तोच पहिला प्रश्न विचारून यायला सांगितलं. ऑफरमध्ये रोख भाव २८,२०० होता. तीनशे रुपयांसाठी उरलेल्या साडेअकरा हजारांचं कर्ज काढण्यात काही अर्थ नव्हता. तिनं नाही मोडली. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत मुलांनी पैसे उडवले, तेव्हा त्या महिन्याचा हप्ता तिनं आठ दिवस उशिरा भरला, एवढंच.

मार्चमध्ये फ्रीज आला, २८,५०० लाच. जुना देऊन हजार रुपये मिळाले, ते स्टॅबिलायझरला गेले. आणि एप्रिलपासून तिनं पोस्टात महिना ३०० ची आरडी उघडली. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही, म्हणून दहा महिन्यांच्या कामाला ती उपयोगी नव्हती. या कामाला बरोबर बसते. नवा फ्रीज दहा वर्षं चालेल असं धरलं तर २८,५०० भागिले १२० महिने, म्हणजे साधारण २४० रुपये होतात. भाव वाढणारच, म्हणून ३००. पासबुकावर तिनं पेन्सिलीनं लिहिलंय: फ्रीज नं. ३.