शुगरच्या पेशंटची डोळे तपासणीची रेफर चिठ्ठी कशी भरायची

सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या ओपीडीत मी चष्म्याचे नंबर काढते, थेंब टाकून बाहुली मोठी करते आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढते. शुगरचे पेशंट आमच्याकडे येतात ते बहुतेक वेळा हातात एक चिठ्ठी घेऊन, आणि त्या चिठ्ठीवर बऱ्याचदा एवढंच असतं की "शुगर आहे, डोळे तपासावेत". आता एवढ्यावरून ह्या माणसाला आजच आत घ्यायचं की दोन महिन्यांनंतरची तारीख द्यायची हे मला कसं कळणार? म्हणून लिहायला बसले. फॉर्म डॉक्टर किंवा सिस्टर भरतात हे खरं, पण माहिती तुमच्याकडूनच जाते. ती नीट तयार करून नेली तर चिठ्ठी नीट होते. घरी आई-वडील, सासू-सासरे कुणी शुगरचे असतील तर हे त्यांच्यासोबत बसून करा.

फॉर्मवर रकाने बरेच असतात, पण गाडी अडते ती तीनच ठिकाणी: शुगर किती वर्षांपासून आहे, गेल्या काही महिन्यांत कंट्रोल कसा आहे, आणि डोळ्यांची तक्रार काय.

पहिलं, किती वर्षं. हा आकडा सगळ्यात जास्त चुकतो. पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या शुगरने हळूहळू खराब होतात, त्यामुळे वर्षं जितकी जास्त तितकी आम्हाला शंका जास्त. पण लोक मोजतात गोळी सुरू झाल्यापासून, काहीजण तर इन्सुलिन लागल्यापासून. मोजायचं ते पहिल्यांदा रिपोर्टमध्ये शुगर आली तेव्हापासून, मग त्यावेळी औषध घेतलं असो वा नसो. जुनी फाईल काढा, सगळ्यात जुना रिपोर्ट शोधा. फाईल नसेल तर आठवणीला खुंटी द्या. "किती वर्षं झाली" असं विचारलं की "झाली असतील चार-पाच" असं उत्तर येतं, पण "नोटाबंदीच्या आधी होती का नंतर", "सांगलीला २०१९ ला पूर आला तेव्हा तुम्ही गोळी घेत होता का", "थोरल्याच्या लग्नात गोड खात होता का" असं विचारलं की वर्ष बरोबर सापडतं. आणि मध्ये औषध बंद होतं का हेही लिहायचं, कारण ती वर्षं पडद्याला जास्त जड जातात. लाज वाटून लपवू नका, ओपीडीत त्यावरून कुणी रागवायला बसलेलं नाही.

अजून एक, मोठ्या वयात येणारी टाईप टू शुगर कळायच्या आधीच काही वर्षं अंगात असू शकते, म्हणून निदान होतं त्याच वेळी डोळे दाखवायचे आणि मग साधारण दरवर्षी. लहानपणी आलेल्या टाईप वनमध्ये पहिली तपासणी निदानानंतर पाच वर्षांच्या आत करतात. बाई गरोदर असेल तर शुगर आधीपासून होती का दिवस राहिल्यावर आली हे स्पष्ट लिहा. आधीपासून असेल तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा बघावा लागतो. गरोदरपणात नव्याने आलेल्या शुगरला सहसा ती घाई नसते.

दुसरं, कंट्रोल. इथे लोक आज सकाळची उपाशीपोटीची शुगर सांगतात, आणि दवाखान्यात जायचं म्हणून आदल्या दिवशी पथ्य पाळलेलं असतं, त्यामुळे ती छान येते! आम्हाला पाहिजे एचबीएवनसी, म्हणजे साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्ट. पण एकच आकडा पुरत नाही, शेवटचे दोन आकडे द्या आणि प्रत्येकाची तारीख द्या. ह्याचं कारण बऱ्याच जणांना माहिती नसतं. खूप वाढलेली शुगर थोड्या महिन्यांत झपाट्याने खाली आली, म्हणजे इन्सुलिन सुरू केलं किंवा जोरदार औषध दिलं, तर पडद्याला आधीच असलेला बिघाड सुरुवातीचे काही महिने उलट वाढू शकतो. ह्याचा अर्थ शुगर कमी करू नका असा अजिबात नाही, ती खाली आणायलाच पाहिजे आणि लांबच्या हिशोबात डोळ्याचा त्यात फायदाच आहे, पण त्या काळात पडद्यावर नजर ठेवावी लागते. चिठ्ठीवर फक्त नवीन चांगला आकडा लिहिला की वाचणाऱ्याला वाटतं सगळं आलबेल आहे.

एचबीएवनसी फसवतो कधी हेही सांगते. अंगात लोह कमी असलेला ॲनिमिया असेल तर तो खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. नुकतंच रक्त चढवलं असेल, डायलिसिस चालू असेल किंवा सिकलसेल असेल तर त्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची कुटुंबं बरीच आहेत, तिकडच्या लोकांनी हे चिठ्ठीवर आवर्जून लिहून घ्यावं आणि सोबत घरच्या ग्लुकोमीटरच्या नोंदींची वही द्यावी. त्याच ओळीत बीपीचा आकडा आणि किडनीचा काही त्रास असेल तर तो लिहा, दोन्हीचा पडद्याशी थेट संबंध आहे.

तिसरं, तक्रार. "धूसर दिसतं" हे लिहून काहीच कळत नाही, कारण मोतीबिंदूनेही धूसर दिसतं, चष्मा बदलायला झाला तरी धूसर दिसतं, आणि शुगर वरखाली झाली की डोळ्यातल्या भिंगाचा आकार बदलतो म्हणून काही दिवस, कधी काही आठवडे, नंबरच हललेला असतो. (म्हणूनच शुगर खूप वर असताना नवीन चष्मा करू नका, काही आठवडे स्थिर झाली की मग नंबर काढा, नाहीतर पैसे वाया.) तर घरी असं करा. लांबचा चष्मा लावा, एक डोळा तळहाताने झाका, दाबायचा नाही, आणि दुसऱ्याने समोरच्या दाराची चौकट बघा आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघा. मग दुसरा डोळा. दोन्ही उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याला सांभाळून घेतो, त्यामुळे कित्येकांना एका डोळ्याने कमी दिसतंय हे झाकल्यावरच कळतं. मग लिहा: कोणता डोळा, कधीपासून, अचानक का हळूहळू, लांबचं का जवळचं, सरळ रेघ वाकडी दिसते का, मधोमध डाग दिसतो का, नजरेसमोर काळे ठिपके किंवा जाळं तरंगतं का. काहीच त्रास नसेल तर रकाना रिकामा सोडू नका, "तक्रार नाही" असं लिहा. रिकाम्या रकान्याचा अर्थ विचारलंच नाही असाही होतो. आणि तक्रार नाही म्हणून तपासणी टाळायची नाही, सुरुवातीच्या बिघाडात माणसाला काहीही जाणवत नाही.

पण अचानक एका डोळ्याने दिसेनासं झालं, एकदम काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखं झालं, वीज चमकल्यासारखं दिसायला लागलं किंवा बाजूने पडदा सरकत आल्यासारखं वाटलं तर फॉर्म-बिर्म काही नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. आत रक्त उतरलेलं असू शकतं किंवा डोळ्याच्या आतला पडदा सुटत असू शकतो.

आता एक चिठ्ठी प्रत्यक्ष दाखवते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये साठीच्या आसपासच्या एक मावशी आल्या, सुनेबरोबर. चिठ्ठीवर होतं, "शुगर ३ वर्षं, एचबीएवनसी ७.२, धूसर दिसतं." ह्यावर कुणीही सावकाशीची तारीख देईल, मीही देणार होते. पण सुनेच्या पिशवीत फाईल होती. मी विचारलं, मावशी शुगर पहिल्यांदा कधी कळली? म्हणाल्या, "तीन वर्षं झाली की गोळी चालू करून." मी म्हटलं गोळीचं नाही, कळली कधी? तर म्हणाल्या, "ते होय, पिशवीचं ऑपरेशन केलं ना तेव्हा डॉक्टर म्हणाले होते साखर आहे, पण मग मी काढा घेतला, बरं वाटलं." पिशवीचं ऑपरेशन २००९ चं. म्हणजे तीन नाही, पंधरा वर्षं, आणि त्यातली बरीचशी विनाऔषधाची. फाईलमध्ये मार्चचा एचबीएवनसी होता ११.४, एप्रिलला इन्सुलिन सुरू, आणि जुलैचा ७.२. धूसर म्हणजे काय विचारलं तर म्हणाल्या ज्वारी निवडताना खडा दिसत नाही. उजवा डोळा झाकायला लावला आणि दाराकडे बघा म्हटलं, तर हात पुढे करून म्हणाल्या, "अगं, चौकट मधेच आत दबल्यासारखी दिसतीय." चष्म्यासकट नजर उजव्या डोळ्याने ६/९ आणि डाव्याने ६/२४, म्हणजे डाव्याने बरंच कमी, बारीक छिद्रातून बघायला लावलं तरी डाव्यात फरक नाही, म्हणजे नुसता नंबरचा प्रश्न नव्हता.

ती चिठ्ठी मी सिस्टरांकडून नव्याने अशी लिहून घेतली: "टाईप टू मधुमेह, निदान २००९, म्हणजे १५ वर्षं, २०२१ पर्यंत नियमित औषध नाही. एचबीएवनसी मार्च २०२४ ला ११.४, जुलै २०२४ ला ७.२, एप्रिलपासून इन्सुलिन. बीपी १५०/९०, गोळी चालू. डावा डोळा, ३ आठवड्यांपासून जवळचं कमी दिसतं, सरळ रेषा वाकड्या दिसतात, ठिपके नाहीत, दुखत नाही. नजर चष्म्यासह उजवा ६/९, डावा ६/२४. आधी लेझर, डोळ्यात इंजेक्शन किंवा ऑपरेशन नाही. पडद्याच्या मधल्या भागाला सूज आहे का पाहावे, लवकर तारीख द्यावी." जेमतेम सात-आठ ओळी. त्याच दुपारी थेंब टाकून बघितलं तर दोन्ही डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके होते आणि डाव्या डोळ्यात पडद्याच्या मधोमध सूज. त्याच आठवड्यात पुढच्या मोठ्या दवाखान्यात त्यांची डोळ्यातली इंजेक्शनं सुरू झाली.

तुमच्या चिठ्ठीतही ह्याच क्रमाने लिहून घ्या. शेवटची ओळ, म्हणजे कशासाठी पाठवतोय आणि किती घाई आहे, ती डॉक्टरांनी लिहायची, पण नसेल तर आठवण करून द्या. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय असं आधी कुणी सांगितलं असेल तर तेही घाला, कारण मग फोटोत पडदा दिसतच नाही आणि दुसरी सोय करावी लागते.

देण्याआधी चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, चिठ्ठ्या हरवतात. जाताना वापरातले चष्मे, औषधांची पाकिटं आणि जुने डोळ्याचे कागद न्या, कधी काचबिंदू सांगितला असेल तर थेंब टाकायच्या आधी सांगा. थेंबानंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड खुपतो, म्हणून गाडी चालवत जाऊ नका, सोबत कुणीतरी घ्या आणि टोपी किंवा गॉगल ठेवा. निघताना उत्तराची चिठ्ठी मागून घ्या, त्यावर दोन्ही डोळ्यांचं वेगवेगळं लिहिलेलं असलं पाहिजे, पडद्यावर शुगरचा परिणाम आहे का नाही, असला तर किती, आणि पुढची तारीख कोणती. ती मूळ पाठवणाऱ्या डॉक्टरांकडे नेऊन फाईलला लावा.