हृदयाची आकृती पुस्तक मिटून कशी काढावी

माझी भाची वाशीला राहते, नववीत आहे. मे महिन्यात आठ दिवस आमच्याकडे ठाण्याला आली होती. तिच्या वहीतली हृदयाची आकृती पाहिली आणि खरंच हेवा वाटला. तांबडा-निळा रंग, पट्टीने आखलेल्या रेषा, सुबक अक्षर. मग कोरा कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, "आता न बघता काढ." तिने बदामाचा आकार काढला, मधे अधिक चिन्ह मारलं आणि थांबली.

यात तिची चूक नव्हती. समोर पुस्तक ठेवून आकृती उतरवताना एकेक रेष डोळ्यांतून थेट हातात जाते, डोक्यात थांबावं लागत नाही. म्हणून आम्ही पद्धत बदलली. तीच इथे हृदयाच्या आकृतीवर दाखवते.

आधी वाट तोंडाने सांगा

पेन्सिल उचलायच्या आधी रक्ताचा प्रवास मोठ्याने सांगायचा. शरीरातून आलेलं, ऑक्सिजन कमी असलेलं रक्त ऊर्ध्व आणि अधो महाशिरेतून उजव्या अलिंदात येतं. त्रिदल झडपेतून खाली उजव्या निलयात उतरतं. तिथून फुप्फुस धमनीने फुप्फुसांकडे जातं. ऑक्सिजन घेऊन फुप्फुस शिरांमधून डाव्या अलिंदात परततं, द्विदल झडपेतून डाव्या निलयात येतं आणि महाधमनीतून शरीरभर जातं. सांगताना पुस्तकातल्या आकृतीवर बोट फिरवा. दोनदा झालं की पुस्तक बंद. काही पुस्तकांत धमनीला रोहिणी आणि शिरेला नीला म्हटलेलं असतं. आपल्या पुस्तकात जो शब्द असेल तोच पक्का धरा, दोन्हींची भेळ नको.

डावं-उजवं

इथे निम्मी मुलं घसरतात. हृदयाची उजवी बाजू कागदावर डावीकडे येते, कारण ज्याचं हृदय आहे तो माणूस आपल्यासमोर तोंड करून उभा आहे. नुसतं सांगून हे पटत नाही. कागद स्वतःच्या छातीवर धरा, आकृती बाहेरच्या बाजूला. आता उजवे कप्पे आपल्या उजव्या हाताकडे आलेले दिसतील. काढायला सुरुवात करण्याआधी कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात बारीक 'उ' आणि उजव्या कोपऱ्यात 'डा' लिहून ठेवा.

रक्त जातं त्याच क्रमाने काढा

बाहेरचा आकार आधी नको. प्रथम मधला पडदा, किंचित तिरका, खालचं टोक कागदाच्या उजवीकडे झुकलेलं. मग चार कप्पे, मग दोन झडपा, मग उजव्या अलिंदात येणाऱ्या दोन महाशिरा, एक वरून, एक खालून. त्यानंतर फुप्फुस धमनी. ती महाधमनीच्या पुढून जाते, म्हणून आधी काढायची. म्हणजे महाधमनीच्या रेषा तिच्यापाशी थांबवता येतात, खोडरबर लागत नाही. मग फुप्फुस शिरा आणि शेवटी महाधमनी, छत्रीच्या मुठीसारखी वळलेली.

प्रत्येक भाग काढताना त्याचं वाक्य म्हणायचं. डाव्या निलयाची भिंत काढताना: "ही जाड, कारण इथून रक्त सगळ्या शरीराला ढकलायचं आहे." उजव्या निलयाला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच पोचवायचं असतं, म्हणून त्याची भिंत पातळ. भाचीला मी म्हटलं, उजव्या निलयाची गाडी ठाणे ते मुलुंड, डाव्याची ठाणे ते कसारा. त्यानंतर तिने ती भिंत कधी पातळ काढली नाही.

नावं

आमच्या यादीत बारा नावं होती: चार कप्पे, दोन झडपा, दोन महाशिरा, फुप्फुस धमनी, फुप्फुस शिरा, महाधमनी आणि पडदा. नावाची रेष पट्टीने, आडवी, आणि तिचं टोक त्या भागाला टेकलेलं हवं. झडपेची रेष झडपेच्या अलीकडे कप्प्यातच थांबली, तर ती कप्प्याची होते. रेषा एकमेकींना छेदू नयेत. सरावाच्या कागदावर प्रत्येक नावापुढे दोन-तीन शब्दांत काम लिहा: 'उजवे निलय – फुप्फुसांकडे ढकलते'. परीक्षेत विचारलं नसेल तर नुसतं नाव पुरे.

पुस्तक उघडण्याआधी बोट फिरवा

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. स्वतःच्या आकृतीवर महाशिरेपासून बोट फिरवत निघा. भाचीचं बोट उजव्या निलयात आलं आणि अडकलं. बाहेर पडायला वाटच नव्हती! तिने फुप्फुस धमनी डाव्या निलयातून काढली होती, महाधमनीच्या शेजारी.

"पण मावशी, धमनीत शुद्ध रक्त असतं ना? मग ती डावीकडूनच निघणार."

चूक चित्रातली नव्हतीच, व्याख्येतली होती. हृदयापासून रक्त दूर नेते ती धमनी आणि हृदयाकडे आणते ती शिरा. रक्तात ऑक्सिजन किती, यावर ते नाव ठरत नाही. फुप्फुस धमनी आणि फुप्फुस शिरा म्हणूनच उलट्या वाटतात. हे वाक्य तिने फुप्फुस धमनीच्या नावापुढेच लिहून ठेवलं.

मग लाल पेन

आता पुस्तक उघडायचं, आणि लगेच. चुकीची आकृती रात्रभर डोक्यात राहू द्यायची नाही. चुका तीन प्रकारच्या असतात: विसरलेलं, चुकीच्या जागी काढलेलं, जागा बरोबर पण नाव चुकलेलं. बारापैकी भाचीची आठ बरोबर होती. फुप्फुस धमनीची जागा चुकली, दोन्ही झडपांची नावं अदलाबदल झाली आणि अधो महाशिरा पूर्णच राहिली.

जागा चुकली तर रक्ताची वाट पुन्हा सांगायची. झडपांचं मात्र वेगळं आहे. त्रिदल झडपेला तीन पाकळ्या असतात, पण उभ्या छेदाच्या आकृतीत बहुधा दोनच दिसतात, म्हणजे दोन्ही झडपा सारख्याच. इथे चित्र कितीही वेळा काढलं तरी मदत करत नाही, शब्दालाच धरावं लागतं. आम्ही अक्षरं मोजली: उ-ज-वी, तीन अक्षरं, तीन पाकळ्या, डा-वी, दोन अक्षरं, दोन पाकळ्या.

पुढची आकृती दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. दर वेळी कोरा कागद, रंग नाही. मधे एकदा उलटं करा: आकृती झाकून फक्त बारा नावं लिहा आणि प्रत्येकाला कोणता भाग लागून आहे ते सांगा.

आठवड्याने ती वाशीला परतली होती, आकृतीचा फोटो पाठवला. झडपा बरोबर, फुप्फुस धमनी बरोबर, अधो महाशिरा पुन्हा गायब. आता ती पडद्याच्याही आधी अधो महाशिरा काढते.